गोल टाकीवरचा थंड डाग

फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रात ३९-ए आणि ३९-बी या प्रक्षेपण तळांजवळ १९६० च्या दशकात, अपोलो मोहिमांसाठी, द्रवरूप हायड्रोजनच्या दोन प्रचंड गोल टाक्या उभारल्या गेल्या. दोन्ही एकाच नमुन्याच्या. आत एक गोल, त्याच्याभोवती दुसरा मोठा गोल, मधल्या जागेत रव्यासारखी पांढरी पर्लाइटची पूड, आणि त्या जागेतली हवा काढून घेतलेली. तरीही ३९-बीच्या टाकीतला हायड्रोजन जुळ्या टाकीतल्यापेक्षा बराच जास्त उडून जात असे.

मुळात किती उडायला हवा, हे कागदावर काढता येते. आतल्या गोलाची त्रिज्या ९.४ मीटर आणि बाहेरच्याची १०.७ मीटर धरू. बाहेर २७ अंश सेल्सिअसची हवा, आत उणे २५३ अंशांवरचा हायड्रोजन, म्हणजे फरक २८० अंशांचा. आत शिरणाऱ्या उष्णतेच्या वाटेत एकापाठोपाठ एक तीन अडथळे येतात: बाहेरच्या पत्र्याला लागून असलेला हवेचा थर, मग पर्लाइट, आणि शेवटी आतल्या भिंतीला भिडलेला द्रव. पत्र्याचा स्वतःचा रोध इतका किरकोळ की तो सोडून देता येतो.

सपाट भिंतीत उष्णतेचा रस्ता सगळीकडे सारखाच रुंद असतो. गोलात तो आत जाता जाता अरुंद होतो. म्हणून पर्लाइटचा रोध नुसत्या जाडीवरून न काढता त्रिज्यांच्या व्यस्तांच्या फरकावरून काढतात:

R = (1/r₁ − 1/r₂) / (4πk)

निर्वात पर्लाइटची वाहकता k सुमारे ०.००१ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन धरली, तर हा रोध येतो १.०३ केल्व्हिन प्रति वॅट. दोन्ही बाजूंच्या अभिसरणाचा रोध 1/(hA) या साध्या सूत्राने निघतो. त्यात A हे पृष्ठाचे क्षेत्रफळ, आणि h म्हणजे दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला किती उष्णता पृष्ठातून आरपार जाते ते. बाहेर h दहा धरला तर रोध ०.००००७ येतो. आत शंभर धरला तर ०.००००१. म्हणजे या दोघांची बेरीजही पर्लाइटपुढे नगण्य आहे. वारा सुटला काय किंवा पडला काय, एकूण उष्णतेत काही फरक पडत नाही.

२८० ला १.०३ ने भागले की सुमारे २७० वॅट मिळतात. दीड हजार चौरस मीटरच्या आसपासच्या पृष्ठातून इतकी थोडी उष्णता आत येते! एक किलो द्रव हायड्रोजन उकळायला साधारण ४४६ किलोज्यूल लागतात, म्हणून दिवसाला सुमारे ५२ किलो, म्हणजे जवळजवळ ७४० लिटर हायड्रोजन वाया जातो. टाकीचे आधार आणि नळ्या यांतूनही उष्णता शिरते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून मोठा असतो.

हा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: पर्लाइट सगळीकडे सारखे भरलेले आहे. वरच्या भागात ते नसेल तर? निर्वातात हवा नाही, पूड नाही, म्हणून उष्णतेला वाट उरते किरणोत्सर्गाची. उबदार पत्रा थंड पत्र्याकडे सरळ उष्णता फेकतो. दोन्ही पृष्ठांचा मिळून परिणामी उत्सर्जक-गुणांक ०.१ धरला, तरी दर चौरस मीटरला सुमारे ४५ वॅट होतात. पर्लाइट असलेल्या जागी हा आकडा पाव वॅटच्याही आत असतो. त्यामुळे जेमतेम सहा चौरस मीटरची पोकळी सगळ्या टाकीची उष्णता दुप्पट करू शकते.

एकूण हिशेबात ज्या बाहेरच्या थराला काही किंमत नव्हती, तोच इथे कामाला येतो. दुसरीकडे पत्रा हवेपेक्षा अंशाच्या शंभराव्या भागाच्या पातळीवर थंड असतो आणि हाताला काहीच कळत नाही. पोकळीवर मात्र ४५ वॅट ओढून घ्यायला पत्र्याला हवेपेक्षा साडेचार अंशांनी थंड व्हावे लागते. अवरक्त कॅमेऱ्याला एवढा फरक पुरतो. फ्लोरिडाच्या दमट हवेत अशा थंड जागी दव साचते आणि बुरशी धरते. ३९-बीच्या टाकीच्या वरच्या भागात तसाच थंड डाग दिसला. पर्लाइट तिथे कमी आहे हा अंदाज तिथूनच बांधला गेला.

पण दुरुस्ती सोपी नव्हती. त्यासाठी टाकी रिकामी करून उबदार करावी लागते, निर्वात मोडावा लागतो, आणि शटलची उड्डाणे सुरू असताना तळाची टाकी एवढा वेळ थांबवणे परवडणारे नव्हते. शटल कार्यक्रम संपल्यावर ती उघडून पाहिली, तेव्हा पोकळी खरोखरच होती. पुढे त्याच तळावर सुमारे ४,७०० घनमीटरची नवी टाकी बांधली गेली. तिच्या दोन गोलांमध्ये पर्लाइटऐवजी काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे भरले आहेत. त्यांची वाहकता निर्वातात पर्लाइटपेक्षा कमी असते.