पाट किती, चौरंग किती?

एका कारखान्यात लाकडी पाट आणि चौरंग बनतात. पाटाला एक तास सुतारकाम आणि एक तास पॉलिश लागतं. चौरंगाला तीन तास सुतारकाम आणि एक तास पॉलिश. दोन सुतार आहेत आणि एक पॉलिशवाला. प्रत्येक जण आठवड्याला ४८ तास कामावर असतो आणि तासाला ८० रुपयांच्या हिशेबाने पूर्ण आठवड्याचा पगार घेतो, मग हातात काम असो वा नसो. पाट ३५० रुपयांना विकला जातो आणि त्यात १५० रुपयांचा माल जातो. चौरंगाची किंमत १००० आणि माल ५५० चा. बनेल ते सगळं खपतं. तर जास्तीत जास्त नफ्यासाठी आठवड्याला किती पाट आणि किती चौरंग करावेत?

बारावीच्या गणितात ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’च्या धड्यात अशी उदाहरणं असतात. आलेख काढून उत्तर शोधायची रीत ठरलेली आहे. गाडी अडते ती त्याआधी, शब्दांची समीकरणं करताना.

सुरुवात एका प्रश्नाने करायची: मालकाच्या हातात काय आहे? तास, किंमत, पगार हे सगळं ठरलेलं आहे. त्याला ठरवता येतात फक्त दोन आकडे. आठवड्याला क्ष पाट आणि य चौरंग करायचे, असं आधी कागदावर लिहून टाकावं. ‘क्ष म्हणजे पाट’ एवढं पुरत नाही. पाटांची संख्या की पाटाला लागणारे तास, हा गोंधळ पुढे महागात पडतो.

आता तास. सुतारांचे मिळून ९६, पॉलिशचे ४८. सगळे मिळून १४४ धरून एकच अट लिहायचा मोह होतो: २क्ष + ४य ≤ १४४. ती अट ३६ चौरंगांना बिनदिक्कत परवानगी देते. पण त्यांना सुतारकामाचे १०८ तास लागतील आणि आहेत ९६. पॉलिशवाला रंधा हातात घेत नसेल, तर त्याचे तास सुतारांच्या खात्यात जमा होत नाहीत. म्हणून अटी दोन:

क्ष + ३य ≤ ९६ (सुतारकाम)
क्ष + य ≤ ४८ (पॉलिश)

शिवाय क्ष आणि य शून्याहून कमी असू शकत नाहीत, हेही लिहायचं.

खरी मेख आहे नफ्यात. पाटामागे माल वजा जाता २०० रुपये उरतात, चौरंगामागे ४५०. यातून मजुरी वजा करायची का? वजा केली, तर पाटाच्या दोन तासांचे १६० जाऊन ४० उरतात आणि चौरंगाच्या चार तासांचे ३२० जाऊन १३०. या आकड्यांनी गणित सोडवलं की उत्तर येतं: पाट एकही नको, ३२ चौरंग करा. पण तसं केलं तर पॉलिशवाला १६ तास बसून राहील आणि त्याचा पगार मात्र द्यावाच लागेल. तिघांचे मिळून ११,५२० रुपये आठवड्याला जाणारच आहेत. क्ष आणि य बदलून त्यात एक रुपयाचाही फरक पडत नाही. म्हणून उद्दिष्ट असं: २००क्ष + ४५०य जास्तीत जास्त करा. पगार शेवटी एकदाच वजा करायचा.

अशी मांडणी केली की उत्तर येतं २४ पाट आणि २४ चौरंग. सुतारांचे ९६ तास भरतात, पॉलिशचे ४८ भरतात आणि १५,६०० रुपये सुटतात. ३२ चौरंगांतून सुटले असते १४,४००. मजुरी चुकीच्या जागी वजा केल्याने आठवड्याला १२०० रुपयांचं नुकसान झालं असतं. कामगारांना नगावर पैसे मिळत असते, तर मात्र मजुरी मालासारखीच प्रत्येक नगातून वजा करावी लागली असती.

आता समजा, दुकानदार म्हणाला, ‘दर चौरंगामागे निदान दोन पाट पाहिजेत.’ वाक्य वाचताच हात २क्ष ≥ य असं लिहून मोकळा होतो. तपासायला साधे आकडे घालावेत. १० चौरंगांबरोबर १० पाट पाठवले तर दुकानदार परत करील, त्याला २० हवे होते. आपली अट मात्र २० ≥ १० म्हणून ते चालवून घेते. म्हणजे अट उलटी झाली. बरोबर अट क्ष ≥ २य.

ही अट घातली की उत्तर ३२ पाट आणि १६ चौरंग होतं आणि सुटतात १३,६००. पॉलिशचे तास पूर्ण भरतात, सुतारांचे मात्र १६ तास रिकामे राहतात. दुकानदाराच्या एका वाक्याची किंमत आठवड्याला २००० रुपये. १६ चौरंगांवर ती वाटली तर नगामागे १२५ येतात. तेव्हा अट मान्य करताना मालकाने चौरंगाचा भाव निदान ११२५ सांगावा.