उद्याच्या लाभांशातून आजची किंमत

शेअर विकत घेणाऱ्याला कंपनीकडून थेट मिळणारी रक्कम एकच, ती म्हणजे लाभांश. शेअर विकून पैसे मिळतात हे खरे, पण ते कंपनी देत नाही. ते पुढचा खरेदीदार देतो, आणि तोही पुढे मिळणाऱ्या लाभांशाकडे आणि आपल्यानंतरच्या खरेदीदाराकडे पाहूनच देतो. ही साखळी शेवटपर्यंत नेली तर शेअरच्या किमतीमागे यापुढे मिळणारे सगळे लाभांशच उरतात. प्रत्येक लाभांशाचे आजचे मोल काढायचे आणि त्यांची बेरीज करायची, ही डिव्हिडंड डिस्काउंट मॉडेलची कल्पना. अमेरिकेतील जॉन बर विल्यम्स यांनी 1938 साली ‘द थिअरी ऑफ इन्व्हेस्टमेंट व्हॅल्यू’ या ग्रंथात ती पद्धतशीरपणे मांडली. 1929 च्या पडझडीनंतर शेअरची किंमत नेमकी कशावर ठरावी, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत ताजा होता.

आजचे मोल काढण्याची रीत हुंडी वटवणाऱ्यांना जुनी ओळखीची आहे. वर्षभराने मिळणाऱ्या 112 रुपयांना आज कोणी 112 रुपये देणार नाही. गुंतवणूकदाराला वर्षाला 12 टक्के परतावा हवा असेल, तर तो आज 100 रुपये देईल. तेच 112 रुपये दोन वर्षांनी मिळणार असतील तर 1.12 ने दोनदा भागायचे, तीन वर्षांनी मिळणार असतील तर तीनदा. या 12 टक्क्यांना अपेक्षित परताव्याचा दर म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. सरकारी रोख्यावर जे व्याज जवळजवळ निर्धोकपणे मिळते तो पाया, आणि लाभांश कमी होण्याचा किंवा बंद पडण्याचा जो धोका पत्करावा लागतो त्याची भरपाई हा वरचा थर. रोख्यावर 7 टक्के मिळत असतील आणि धोक्यासाठी आणखी 5 टक्के हवे असतील, तर दर 12 होतो. वरचा थर कुठेही छापलेला नसतो, तो ठरवावा लागतो. दोन जाणकारांची उत्तरे वेगळी येतात, त्याचे पहिले कारण हे.

एखादी कंपनी दरवर्षी 10 रुपये लाभांश देते आणि तो कधीच वाढणार नाही, अशी कल्पना केली तर बेरीज सोपी होते. 10 भागिले 0.12, म्हणजे सुमारे 83 रुपये. वर्षे अनंत असली तरी बेरीज अनंत होत नाही, कारण प्रत्येक पुढच्या वर्षाचे मोल आधीच्या वर्षापेक्षा कमी भरते.

प्रत्यक्षात लाभांश वाढतो, निदान वाढेल अशी आशा असते. तो दरवर्षी एकाच गतीने वाढेल असे धरले, तर बेरजेचे सूत्र फार आटोपशीर होते:

P = D ÷ (r − g)

यात D म्हणजे येत्या वर्षाचा लाभांश, r म्हणजे अपेक्षित परतावा, g म्हणजे वाढीचा दर आणि P म्हणजे शेअरचे आजचे मोल. हे सूत्र मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी एली शपिरो यांच्यासह 1956 मध्ये ते मांडले. येता लाभांश 10 रुपये, r 12 टक्के आणि g 7 टक्के असेल, तर 10 भागिले 0.05 म्हणजे 200 रुपये. म्हणजे निव्वळ वाढीच्या आशेवर 83 चे 200 झाले.

मग ही वाढ येते कुठून, हा या मॉडेलमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि घाईत तोच सुटून जातो. वाढ फुकट येत नाही. कंपनी नफ्यातला काही भाग वाटत नाही, तो धंद्यात घालते आणि त्यावर नफा मिळवते. वरच्या कंपनीला प्रत्येक शेअरमागे 20 रुपये नफा होत असेल आणि ती निम्मा वाटत असेल, तर निम्मा राखून ठेवला जातो. राखलेल्या भांडवलावर ती 14 टक्के कमावत असेल, तर वाढीचा दर 14 च्या निम्मा, म्हणजे 7 टक्के. मघाचा 7 चा आकडा असा जुळतो.

आता समजा कंपनीने काहीच राखले नाही आणि 20 च्या 20 रुपये दरवर्षी वाटले. वाढ शून्य, म्हणून मोल 20 भागिले 0.12, सुमारे 167 रुपये. निम्मा नफा राखल्यामुळे मोल 200 झाले होते. म्हणजे राखून ठेवण्याने शेअरधारकाचा फायदा झाला. पण राखलेल्या पैशावर कंपनी 14 ऐवजी 12 टक्केच कमावत असेल, तर वाढ 6 टक्के होते आणि मोल 10 भागिले 0.06, पुन्हा सुमारे 167. लाभांश दरवर्षी वाढतो आहे, तरी शेअरधारकाच्या हाती जास्तीचे काही पडत नाही. आणि कंपनी 10 टक्केच कमावत असेल, तर वाढ 5 टक्के आणि मोल सुमारे 143 रुपये. इथे कंपनी वाढते आहे, लाभांशही वाढतो आहे, पण नफा सरळ वाटून टाकला असता तर शेअरधारकाचे अधिक भले झाले असते. नफा राखण्याने मोल वाढते की घटते, हे वाढीच्या आकड्यावरून कळतच नाही. भांडवलावरचा परतावा अपेक्षित दरापेक्षा जास्त आहे की कमी, त्यावर ते ठरते.

सूत्राचा दुबळेपणा भाजकात आहे. r आणि g यांतला फरक लहान असतो, म्हणून g मधला छोटासा बदलही उत्तर उलटेपालटे करतो. त्याच 10 रुपयांच्या लाभांशावर g 7 ऐवजी 9 टक्के धरला, तर 200 चे 333 रुपये होतात. g 12 झाला तर भाजक शून्य होतो आणि सूत्र कोलमडते. डेव्हिड ड्युरंड यांनी 1957 मध्ये ‘ग्रोथ’ शेअरच्या मोलाबद्दल नेमका हाच धोका दाखवला होता. याचा अर्थ मॉडेल चुकीचे आहे असा नाही. कोणतीही कंपनी संपूर्ण अर्थव्यवस्थेपेक्षा जास्त वेगाने कायम वाढू शकत नाही, तशी वाढली तर एक दिवस तीच अर्थव्यवस्था होऊन बसेल. कायमचा g म्हणून गेल्या तीन-चार वर्षांतली तेजीची वाढ घालणे, ही या सूत्राच्या वापरातली नेहमीची चूक आहे.

म्हणून वेगाने वाढणाऱ्या कंपनीसाठी हिशेब दोन टप्प्यांत करतात. समजा पहिल्या तीन वर्षांचे लाभांश 10, 12 आणि 14.40 रुपये, म्हणजे वाढ 20 टक्के, आणि त्यानंतर कायम 6 टक्के. चौथ्या वर्षाचा लाभांश सुमारे 15.26 रुपये येतो. तो 0.06 ने भागला की तिसऱ्या वर्षाअखेरचे मोल 254 रुपये मिळते, आणि ते आजच्या तारखेला आणले की 181. पहिल्या तीन लाभांशांचे आजचे मोल सगळे मिळून सुमारे 29 रुपये. एकूण 210. त्यातले 181 रुपये ज्या काळाबद्दल सर्वांत कमी माहिती आहे त्या काळातून आलेले आहेत. हिशेब करणारा पहिल्या तीन वर्षांवर कितीही बारकाईने काम करो, उत्तर मुख्यतः शेवटच्या 6 टक्क्यांवर उभे असते.

किमतीत दूरचा काळ किती भरलेला असतो, हे न्यूयॉर्कला वीज पुरवणाऱ्या कन्सॉलिडेटेड एडिसन कंपनीच्या बाबतीत 1974 च्या एप्रिलमध्ये दिसले. तेलाच्या दरवाढीने अडचणीत आलेल्या या कंपनीने तिमाही लाभांश गाळला. 1885 पासून तो कधी चुकला नव्हता. गाळलेली रक्कम शेअरमागे 45 सेंट होती, पण शेअर सुमारे 18 डॉलरवरून 12 च्या आसपास कोसळला. 45 सेंटसाठी 6 डॉलर का गेले, याचे उत्तर सूत्रात आहे. वर्षाचा लाभांश 1.80 डॉलर, वाढ शून्य आणि अपेक्षित परतावा 10 टक्के धरला, तर मोल बरोबर 18 डॉलर येते. ते 12 वर यायला दोन वाटा आहेत. एक तर कायमचा लाभांश 1.20 डॉलरवर येईल असे बाजाराला वाटले, किंवा हा शेअर आता इतका धोक्याचा झाला की 1.80 साठीही 10 ऐवजी 15 टक्के परतावा हवा. बहुधा दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडल्या. गुंतवणूकदारांनी एका तिमाहीचे नुकसान मोजले नाही. त्या तिमाहीने पुढच्या सगळ्या वर्षांबद्दल जे सांगितले, ते मोजले.

ज्या कंपन्या लाभांश देतच नाहीत, त्यांच्यासाठी मॉडेल सरळ वापरता येत नाही. लाभांश कधी सुरू होईल आणि किती असेल, याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो बहुतेक वेळा हवेत राहतो. तिथे शेअरधारकांसाठी उरू शकणाऱ्या रोख रकमेवर हिशेब करणे बरे. कंपनी बायबॅकने पैसे परत करत असेल तर तेही वाटपात धरले पाहिजेत, नाहीतर मोल खोटे कमी दिसते. बँका, वीज कंपन्या आणि नियमित वाटप करणारे जुने उद्योग यांना हे मॉडेल चांगले लागू पडते. भारतात आणखी एक खबरदारी लागते. लाभांश टक्केवारीत जाहीर होतो तो दर्शनी मूल्यावर. 1 रुपया दर्शनी मूल्याच्या शेअरवर 500 टक्के म्हणजे फक्त 5 रुपये. शिवाय 2020-21 या आर्थिक वर्षापासून लाभांशावरचा कर शेअरधारकाला स्वतः भरावा लागतो, त्यामुळे त्याच्या हातात पडणारी रक्कम त्याच्या कराच्या टप्प्यानुसार बदलते.

इतक्या अंदाजांवर उभे असलेले सूत्र उलट्या बाजूने वापरले तर जास्त उपयोगी पडते. बाजारातली किंमत 250 रुपये, येता लाभांश 10 रुपये. लाभांश किमतीच्या 4 टक्के झाला. अपेक्षित परतावा 12 असेल, तर बाजाराने कायमची वाढ 8 टक्के गृहीत धरली आहे. कंपनी निम्मा नफा राखत असेल, तर त्यासाठी नव्या भांडवलावर तिने कायम 16 टक्के कमावायला हवेत. मग कंपनीचे जुने ताळेबंद काढून गेल्या दहा-पंधरा वर्षांत, मंदीची वर्षे धरून, तिने भांडवलावर खरोखर किती कमावले ते तपासता येते. तो आकडा 11-12 च्या आसपास घुटमळत असेल, तर 250 रुपये या किमतीत जे गृहीत धरले आहे ते कंपनीने आजवर करून दाखवलेले नाही.