वाक्याच्या तोंडी ‘नेव्हर’ आला की

२० ऑगस्ट १९४० रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत आपल्या वैमानिकांचा गौरव केला. त्या भाषणातले सर्वांत गाजलेले वाक्य ‘नेव्हर’ने सुरू होते. पुढे रणभूमीविषयीचा एक शब्दसमूह येतो, मग ‘वॉज’, आणि त्यानंतर कर्ता. एरवी इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या आधी आले की ऐकणाऱ्याला प्रश्न वाटतो. इथे प्रश्न नाही, ठाम विधान आहे. क्रम उलटल्यामुळेच ‘कधीही नाही’ हा भार ऐकणाऱ्यावर थेट येतो.

मराठीत असा भार द्यायला आपण शब्द सहज हलवतो. ‘असा पाऊस मी कधीच पाहिला नाही’ आणि ‘कधीच पाहिला नाही मी असा पाऊस’ ही दोन्ही वाक्ये चालतात, कारण कर्ता कोण आणि कर्म कोण हे प्रत्यय आणि क्रियापदाची रूपे सांगतात. इंग्रजीत ते काम बहुतांशी शब्दांची जागा करते. म्हणून तिथे क्रम बदलला की तो लगेच कानात भरतो, आणि बदलण्याचे नियमही कडक आहेत.

जुन्या इंग्रजीत वाक्याची सुरुवात कर्त्याऐवजी दुसऱ्या शब्दाने झाली की क्रियापद पुष्कळदा लगेच दुसऱ्या जागी येई. जर्मनमध्ये आजही तसेच होते. इंग्रजीने ही सवय बहुतेक ठिकाणी सोडली. ‘येस्टरडे’ने वाक्य सुरू केले तरी पुढे कर्ताच येतो. नकारार्थी शब्दांपाशी मात्र ती टिकून राहिली. ‘हार्डली’ दिसायला नकारार्थी नसला, तरी त्याचा अर्थ ‘जवळजवळ नाहीच’ असल्यामुळे तोही याच गटात बसतो.

आता एक वाक्य घेऊ: ‘वी हॅड हार्डली रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.’ आम्ही स्टेशनवर पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली. ‘हार्डली’ पुढे आणला की सहायक क्रियापद ‘हॅड’ त्याच्या पाठोपाठ येते आणि कर्ता मागे सरकतो: ‘हार्डली हॅड वी रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट.’ मुख्य क्रियापद ‘रीच्ड’ जागचे हलत नाही, आणि गाडी सुटल्याचा भागही जसाच्या तसा राहतो. इथे ‘व्हेन’ऐवजी ‘दॅन’ लिहिण्याची चूक फार होते. ‘दॅन’ हा ‘नो सूनर’चा जोडीदार, आपल्याकडे परीक्षेच्या तयारीत दोन्ही रचना शेजारी शेजारी घोटल्या जातात, म्हणून घोटाळा होतो.

‘नॉट ओन्ली’पाशी अडचण वेगळी. ‘शी रोट द प्ले’ या वाक्यात पुढे आणायला सहायक क्रियापदच नाही. मग प्रश्नात आणतो तसे ‘डिड’ आणावे लागते: ‘नॉट ओन्ली डिड शी राइट द प्ले, शी ऑल्सो अ‍ॅक्टेड इन इट.’ भूतकाळ ‘डिड’ने उचलला, म्हणून ‘रोट’चे ‘राइट’ झाले. ‘डिड शी रोट’ म्हटले की काळ दोनदा लागतो. उलटापालट फक्त पहिल्या भागात. ‘शी ऑल्सो अ‍ॅक्टेड’ सरळच राहते. तिथेही ‘डिड शी’ लिहिणारे असतात.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. नुसता शब्द पहिला आला म्हणून क्रम उलटत नाही. ‘हार्डली एनिवन केम’, म्हणजे क्वचितच कोणी आले, हे वाक्य सरळ आहे, कारण ‘हार्डली’ इथे फक्त ‘एनिवन’ला चिकटला आहे आणि दोघे मिळून कर्ता झाले आहेत. ‘नॉट ओन्ली द टीचर बट ऑल्सो द स्टुडंट्स केम’ याचेही तेच. नकार साऱ्या विधानावर पसरतो, तेव्हाच सहायक क्रियापद पुढे येते.

हा फरक ‘नो टाइम’च्या जोडीत लख्ख दिसतो. ‘अ‍ॅट नो टाइम डिड वी ईट’ म्हणजे आम्ही एकदाही जेवलो नाही. ‘इन नो टाइम वी एट’ म्हणजे आम्ही झटक्यात जेवलो! दोन्हीकडे ‘नो’ आहे. पण दुसऱ्या वाक्यात जेवण झालेले आहे, नकार फक्त वेळेपुरता आहे, म्हणून कर्ता आपल्या जागी राहिला. शंका आली की वाक्यातली गोष्ट घडली का, एवढे पाहावे. पोचलो का, याला ‘हार्डली’ जवळजवळ ‘नाही’ म्हणतो, म्हणून तिथे क्रम उलटतो. ‘नॉट ओन्ली’त मात्र ही कसोटी पुरत नाही: नाटक तर तिने लिहिलेच आहे. तिथे ‘एवढेच नाही’ हा नकार कर्त्याला लागतो की पूर्ण विधानाला, ते बघावे लागते.

वापराचे म्हणाल, तर ‘नॉट ओन्ली डिड’ बोलतानाही सहज येते. ‘हार्डली हॅड’ मुख्यतः लेखनात शोभतो. घरच्या गप्पांत इंग्रज माणूस ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ म्हणून मोकळा होतो. ‘नेव्हर हॅव आय’ भाषणात किंवा तक्रारीच्या पत्रात जोर धरतो, पण एकाच पत्रात तीनदा आला तर तिसऱ्यांदा वाचणारा राग वाचत नाही, रचना वाचतो.