कुत्रा पायाला का रेलतो?

घरातले माणूस ओट्यापाशी किंवा फाटकात उभे राहिले की काही कुत्रे मागून येतात, आपली कूस त्याच्या मांडीला लावतात आणि अंग सैल सोडतात. बसलेला कुत्रा खांदा किंवा पाठ टेकवतो. अशा वेळी पाय अचानक बाजूला घेतला तर कुत्रा चक्क कोलमडतो. ग्रेट डेन, ग्रेहाउंड, रॉटवायलर, मॅस्टिफ अशा जातींत ही सवय विशेष नजरेत भरते. त्यामागे उंचीचाही भाग आहे, कारण या कुत्र्यांची कूस आपसूकच माणसाच्या गुडघ्या-मांडीपर्यंत पोहोचते. बुटका कुत्रा हेच काम पावलावर बसून उरकतो.

सगळे वजन मात्र पायावर येत नाही. बहुतेक भार कुत्र्याच्या पंजांमधून जमिनीवरच जातो. माणसाला लागतो तो आडवा रेटा. साठ किलोच्या ग्रेट डेनचा गुरुत्वमध्य पंजांच्या आधारापासून दहा सेंटिमीटर बाहेर झुकला आणि अंग जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर टेकले, तर हा रेटा ढोबळमानाने दहा किलोचा भरतो. धडधाकट माणूस तो सहज पेलतो. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना मात्र तो पाडू शकतो.

या वागण्याचे मूळ जवळिकीत आहे. 1998 मध्ये बुडापेस्टच्या योझेफ टोपाल आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या मातृबंधासाठी वापरली जाणारी चाचणी कुत्र्यांवर करून पाहिली. अनोळखी खोलीत मालक कुत्र्याला सोडून जातो, परका माणूस आत येतो, काही वेळाने मालक परततो. मालक समोर असताना कुत्रे अधिक मोकळेपणाने खेळले, आणि तो परतल्यावर परक्यापेक्षा त्याच्याच अंगाशी जास्त गेले. कुत्र्याच्या लेखी मालक ही सुरक्षित जागा असते. रेलणे म्हणजे त्या जागेला अंगाने धरून राहणे. दक्षिण आफ्रिकेत ओडेन्डाल आणि माइन्टजेस यांनी 2003 मध्ये दाखवले की कुत्र्याला शांतपणे कुरवाळल्यावर माणूस आणि कुत्रा दोघांच्याही रक्तातील ऑक्सिटोसिन वाढते. या प्रयोगांत रेलण्याचे वेगळे मोजमाप नव्हते, पण स्पर्शाची ओढ का टिकते हे त्यांतून कळते.

उरलेले काम माणूस करतो. कुत्रा टेकला की हात नकळत त्याच्या कानामागे जातो. दहा वेळा टेकून आठ वेळा खाजवून मिळाले, तर अकराव्यांदा तो टेकणारच. त्यामुळे एकाच घरातल्या दोन कुत्र्यांपैकी एकच रेलतो, आणि तोही घरातल्या एका ठरावीक माणसालाच, असे दिसते. कुत्रा अशाने ‘वरचढपणा’ गाजवतो, हा समज मात्र सोडून द्यावा. तो पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांवरून आला, आणि लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच पुढे ती मांडणी खोडून काढली. डोळे अर्धवट मिटून, तोंड सैल सोडून टेकलेला कुत्रा कोणावरही राज्य करत नसतो.

हेच टेकणे भीतीपोटीही होते, आणि दिवाळीत ते घरोघर दिसते. सुतळी बॉम्ब वाजला की कुत्रा मालकाच्या दोन पायांमध्ये घुसतो. फरक बाकीच्या शरीरात असतो: शेपूट पोटाखाली, कान मागे, धाप, लाळ, पुन्हापुन्हा ओठ चाटणे, अंगाला कंप. त्या वेळी त्याला ढकलू नये. जवळ घेतल्याने भीती ‘शिकवली जाते’ ही धास्ती निराधार आहे, कारण भीती ही बक्षिसासाठी केलेली कृती नव्हे. खिडक्या लावून त्याला आतल्या खोलीत न्यावे आणि हवे तितके टेकू द्यावे. दर वर्षी असेच होत असेल तर औषधाबद्दल पशुवैद्याला सणाआधीच विचारावे.

तिसरे कारण आजाराचे, आणि तेच हमखास निसटते, कारण म्हाताऱ्या कुत्र्याचे रेलणे घरच्यांना लाडिक वाटते. प्रेमाने टेकणारा कुत्रा माणूस निवडतो. तोल गेलेल्याला भिंत, कपाट, दाराची चौकट, काहीही चालते. एकाच बाजूला झुकणे, मान तिरकी राहणे आणि बुबुळे आपोआप हलणे ही अंतर्कर्णाच्या किंवा मेंदूतील तोलकेंद्राच्या बिघाडाची खूण असते. डोबरमन आणि ग्रेट डेनमध्ये मानेच्या मणक्यांचा दाब मज्जारज्जूवर येऊन मागचे पाय लटपटतात. अशा वेळी मागच्या पंजांची नखे पाहावीत: पाय फरफटत असेल तर ती वरच्या बाजूने झिजलेली असतात. कुत्र्याला पोटाखालून आधार देऊन उभे करावे आणि मागचा एक पंजा अलगद उलटा, वरचा भाग जमिनीला लागेल असा ठेवावा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. पंजा तसाच राहिला किंवा सरळ व्हायला उशीर लागला तर पशुवैद्याकडे नेण्यात दिरंगाई करू नये.

कारण आजाराचे किंवा भीतीचे नसेल आणि घरात वयस्कर माणसे असतील, तर रेलण्याला वळण लावता येते. कुत्रा अंग टेकवायला येताच एक पाऊल बाजूला व्हावे, ‘बस’ सांगावे, आणि तो बसल्यावरच खाजवावे. घरातल्या सगळ्यांनी हे पाळले तर त्याला बसणे जास्त फायद्याचे वाटू लागते. एकानेही जुन्याच पद्धतीने लाड चालू ठेवले तर सवय जात नाही.