वर्गणीचा मेसेज

‘दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या मंडळाचा गणेशोत्सव मोठ्या उत्साहात साजरा होणार आहे. तरी सर्वांनी सढळ हस्ते मदत करून सहकार्य करावे ही नम्र विनंती.’ वर बाप्पाचे चित्र आणि खाली पंधरा पदाधिकाऱ्यांची नावे. श्रावणात असा मेसेज जवळपास प्रत्येकाच्या फोनवर येतो. वाचणारा हात जोडल्याची खूण पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्याला मदत करायची नसते असे मुळीच नाही. किती द्यायचे, कधीपर्यंत आणि कुठे, हेच त्याला कळलेले नसते. मग कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारात येईपर्यंत तो थांबतो, आणि ते येतात तेव्हा घराला कुलूप असते.

हा मेसेज बदलायचा तर आधी हिशेबाची वही उघडावी लागते, मजकूर नंतर. उदाहरणासाठी 160 घरांची एक गल्ली घेऊ. यंदाचा अंदाजे खर्च 1,35,000 रुपये. त्यात मांडव आणि रोषणाईला 42,000, महाप्रसादाला 38,000, मिरवणुकीच्या बँडपथकाला 16,000, तर मूर्ती, पूजा, तात्पुरती वीजजोडणी आणि मुलांच्या स्पर्धा मिळून 39,000. गेल्या वर्षीची शिल्लक 11,500 आहे आणि नाक्यावरच्या दुकानदारांनी 20,000 कबूल केले आहेत. म्हणजे घरांकडून 1,03,500 रुपये यायला हवेत.

बहुतेक मंडळे चुकतात ती इथेच. 1,03,500 ला 160 ने भागून ‘घरटी 650 रुपये’ असे जाहीर केले जाते. पण गेल्या वर्षीच्या पावत्या मोजल्या तर वर्गणी 115 घरांनीच दिलेली असते. काही घरे बंद असतात, काहींची अडचण असते, काहींना द्यायचे नसते. यंदाही तेवढ्याच घरांनी 650 दिले तर जमतील 74,750, आणि ऐन उत्सवात 28,750 रुपयांचा खड्डा पडेल. मग चार कार्यकर्ते खिशातून पैसे घालतात किंवा मांडववाल्याचे बिल दिवाळीपर्यंत लोंबकळते. भागाकार 115 ने केला तर आकडा 900 येतो. तो जरा मोठा वाटतो, पण खरा तोच आहे, आणि तो का आला हे एका वाक्यात सांगता येते.

पैसे कमी पडले तर काय होईल, हेही मंडळाने आधीच ठरवायला हवे. या गल्लीने ठरवले की रक्कम अपुरी राहिली तर बँडपथक रद्द होईल आणि मिरवणूक गल्लीतल्या मुलांच्या लेझमीवर निघेल. महाप्रसादाला हात लागणार नाही. असे स्पष्ट लिहिले की देणाऱ्याला आपल्या पैशाचा परिणाम दिसतो. ‘तुमच्या मदतीशिवाय उत्सव होणार नाही’ हे मात्र लिहू नये. उत्सव होणारच असतो, आणि ते सगळ्यांना ठाऊक असते.

2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. मांडववाल्याला उचल आणि मूर्तिकाराला उरलेली रक्कम त्याआधी द्यायची, म्हणून मुदत तीन आठवडे अलीकडची ठेवायची. आता मेसेज असा होतो:

‘गणेशोत्सवाची वर्गणी: घरटी 900 रुपये, रविवार 23 ऑगस्टपर्यंत. कमी-जास्त दिले तरी आनंदच आहे.

यंदाचा अंदाजे खर्च 1,35,000. शिल्लक आणि दुकानदारांची मदत धरून 31,500 हाती आहेत, 1,03,500 हवेत. गेल्या वर्षी 115 घरांनी वर्गणी दिली, त्यावरून 900 हा आकडा काढला आहे. रक्कम कमी पडली तर बँडपथक रद्द करू, महाप्रसाद होईलच. जास्त जमली तर पुढच्या वर्षीसाठी शिल्लक ठेवू.

यूपीआयने भरताना शेरा म्हणून घर क्रमांक लिहा. रोख द्यायची असल्यास रविवारी सकाळी 10 ते 12 खजिनदार मंदिराच्या ओट्यावर असतील. पावती त्याच दिवशी मिळेल. पूर्ण जमाखर्च 4 ऑक्टोबरला फलकावर लावू.’

रक्कम आणि तारीख पहिल्याच ओळीत आहे, ती मुद्दाम. लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्यात तुटतो आणि ‘अधिक वाचा’वर बोट ठेवणारे थोडेच. पदाधिकाऱ्यांच्या नावांची माळ गेली, त्याजागी खजिनदाराचे नाव आणि फोन क्रमांक पुरेसा आहे, कारण शंका त्यांनाच विचारायची असते.

शेऱ्यातला घर क्रमांक किरकोळ वाटतो, पण खजिनदाराची निम्मी डोकेदुखी त्याने वाचते. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा गावाकडच्या आईवडिलांच्या घराची वर्गणी स्वतःच्या खात्यातून पाठवतो. खातेउताऱ्यात त्याचे नाव दिसते, घर दिसत नाही. मग ज्यांनी पैसे भरले त्यांच्याच दारात कार्यकर्ते पुन्हा उभे राहतात आणि म्हाताऱ्या माणसांना अपमान वाटतो.

क्यूआर कोडचे चित्र फोनवर पाठवले की काम झाले, असेही समजले जाते. पण ज्या फोनवर चित्र आले त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते स्कॅन कसे करणार? गॅलरीतून ते उचलावे लागते, आणि अनेक ज्येष्ठांना ते जमत नाही. म्हणून यूपीआय आयडी वेगळ्या मेसेजमध्ये, एकटाच पाठवावा. बोट दाबून धरले की तो तसाच उचलता येतो. क्यूआर कोड छापून मंदिराच्या ओट्यावर आणि किराणा दुकानात लावावा, तिथे तो खरा कामाला येतो.

पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. तिथे मंडळाऐवजी कुणा व्यक्तीचे नाव आले की माणूस थबकतो, आणि ते योग्यच आहे. मंडळाचे बँक खाते असेल तर उत्तमच. नसेल तर ‘पैसे भरताना अमुक नाव दिसेल, मंडळाचे स्वतंत्र खाते नसल्याने खजिनदार आणि सचिवांचे हे संयुक्त खाते फक्त वर्गणीसाठी वापरतो’ असे आधीच लिहावे. लपवलेली गोष्ट नंतर उघड झाली तर पुढच्या वर्षीची वर्गणीही जाते.

कायद्याची बाजूही याच मेसेजमध्ये येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 सी नुसार, न्यास म्हणून नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि उत्सवानंतर हिशेब सादर करावा लागतो. परवानगी मिळाली असेल तर तिचा क्रमांक मेसेजच्या शेवटी द्यावा. ‘वर्गणीवर करसवलत मिळेल’ हे मात्र उगाच जोडू नये. ती सवलत त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेच्या देणगीलाच मिळते, आणि गल्लीतल्या बहुतेक मंडळांकडे तशी मान्यता नसते.

आठवण एकदाच करावी, मुदतीच्या तीन-चार दिवस आधी, आणि त्यात आकडा बदललेला असावा: ‘आतापर्यंत 71 घरांकडून 66,200 जमले, 37,300 बाकी.’ न दिलेल्यांची यादी गटावर टाकणे हा जबरदस्तीचाच प्रकार आहे. एखाद्या घरात आजारपण असते, कुणाची नोकरी गेलेली असते, आणि त्यांनाही महाप्रसादाच्या पंगतीला बसायचे असते. म्हणूनच काही मंडळे दिलेल्यांच्या यादीतही रकमा छापत नाहीत, फक्त घर क्रमांक आणि ‘पावती दिली’ एवढेच लिहितात.

विसर्जनानंतरचा जमाखर्च अपेक्षेइतका नीटस नसला तरी कबूल केलेल्या तारखेला लावावा. मांडवाचे बिल 42,000 ऐवजी 45,500 झाले असेल तर तसे लिहावे आणि शेजारी कारण द्यावे: पावसाने ताडपत्री जास्त लागली. मग पुढच्या श्रावणात हाच आकडा खर्चाच्या अंदाजात धरला जातो.