मेलाटोनिनची गोळी: अमेरिकेला जाताना आणि परत येताना

न्यू जर्सीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून पुण्याला परतलेल्या आई-वडिलांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. जाताना फारसं काही जाणवलं नाही, पण आल्यावर आठ-दहा दिवस झाले तरी रात्री दोनला डोळे टक्क उघडे. वयाला, विमानातल्या जेवणाला, मुंबईच्या दमट हवेला बोल लावला जातो. खरं कारण दिशा हे आहे. सोबत नेलेली मेलाटोनिनची गोळी जाताना लागू पडते आणि येताना पडत नाही, याचंही उत्तर तिथेच सापडतं.

मेलाटोनिन हे मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतून स्रवणारं संप्रेरक. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते गुरांच्या पीनियल ग्रंथींतून वेगळं केलं. आपण नेहमी झोपतो त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी ते रक्तात वाढू लागतं आणि सकाळपर्यंत टिकतं. पुष्कळजण त्याला झोपेची गोळी समजतात. थोडी गुंगी त्याने येते हे खरं, पण प्रवाशासाठी त्याचं मोठं काम वेगळं आहे. ‘रात्र झाली’ हा निरोप ते शरीराच्या घड्याळाला देतं, आणि तो निरोप कोणत्या वेळी पोचतो त्यावर घड्याळ पुढे सरकणार की मागे, हे ठरतं.

शरीराच्या हिशोबाने दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी गोळी घेतली तर घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येऊ लागतात. शरीराच्या हिशोबाने सकाळी घेतली तर उलट घडतं, झोप उशिरावर ढकलली जाते. उजेडाचं याच्या बरोबर विरुद्ध. शरीराचं तापमान पहाटे, रोजच्या जागेच्या दोन-अडीच तास आधी सर्वात खाली उतरतं. त्या क्षणाच्या आधी डोळ्यांवर पडलेला प्रखर उजेड घड्याळ मागे ढकलतो आणि नंतर पडलेला पुढे ओढतो. या सगळ्यात ‘शरीराच्या हिशोबाने’ हे शब्द महत्त्वाचे. भिंतीवरचं घड्याळ इथे कामाचं नाही.

आता रात्री साडेदहाला झोपून सकाळी साडेसहाला उठणाऱ्या पुण्याच्या एका जोडप्याचा प्रवास पाहू. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथे पोचल्यावर पहिल्या रात्री साडेदहाला त्यांनी गोळी घेतली, तेव्हा त्यांच्या शरीरात भारतातले सकाळचे आठ वाजलेले असतात. पश्चिमेला गेल्यावर घड्याळ मागे सरकायला हवं, आणि सकाळची गोळी नेमकं तेच करते. शिवाय माणसाच्या शरीराचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे उशिरावर जाणं त्याला मुळातच सोपं. दिवसाला साधारण दीड तास असं ते पश्चिमेकडे जुळवून घेतं. पूर्वेकडे दिवसाला जेमतेम एक तास. म्हणूनच जाताना गोळीची गरज कमी आणि वेळ चुकण्याचा धोकाही कमी.

परतीचं गणित अवघड आहे. पुण्यात पहिल्या रात्री साडेदहाला गोळी घेतली, तेव्हा शरीरात न्यू जर्सीतली दुपारची एकची वेळ असते. ही पुढे ढकलणाऱ्या पट्ट्याची जेमतेम सुरुवात, त्यामुळे फायदा नगण्य. त्याहून घातक असतो दुसऱ्या दिवशीचा शहाणपणा: ‘आता इथल्या वेळेला लागायचं’ म्हणून सकाळी सातला टेकडीवर फिरायला जाणं. पुण्यातले सकाळचे सात म्हणजे त्यांच्या शरीराचे रात्रीचे साडेनऊ. त्या वेळी डोळ्यांवर पडलेलं ऊन घड्याळ पुढे ओढत नाही, आणखी मागे ढकलतं. त्यांच्या शरीराचा सर्वात थंड क्षण, न्यू जर्सीतले पहाटेचे चार, पुण्यात दुपारी दीडला येतो. पहिल्या दिवशी दीडच्या आधीचं ऊन टाळायचं, बाहेर पडावंच लागलं तर काळा चष्मा लावायचा आणि दीडनंतर मनसोक्त उजेड घ्यायचा. मग ही सीमा रोज तासाभराने अलीकडे आणायची. सकाळी फिरून आल्यावर दिवसेंदिवस झोप बिघडतच चालली, तर घड्याळ उलट दिशेला निघालं आहे असं समजावं.

यावर खरा उपाय निघण्याआधीच करावा लागतो आणि मला तोच सर्वात उपयोगी वाटतो. न्यू जर्सीतल्या शेवटच्या तीन दिवसांत रोज एक तास लवकर झोपायचं आणि एक तास लवकर उठायचं: साडेनऊ, मग साडेआठ, मग साडेसात. रोजच्या झोपेच्या साधारण पाच तास आधी अर्धा मिलिग्रॅम मेलाटोनिन घ्यायचं, म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी साडेचारला, मग साडेतीनला, मग अडीचला. उठल्याबरोबर घरातले सगळे दिवे लावायचे किंवा सूर्य उगवला असेल तर अंगणात जायचं. असं केलं की विमानात बसतानाच घड्याळ जवळपास तीन तास पुढे आलेलं असतं. मग पुण्यात रात्री साडेदहाला घेतलेली गोळी शरीराच्या दुपारी चारला पडते, जिथे तिचा जोर चांगला असतो. ऊन टाळायची सीमाही दीडवरून साडेदहावर येते. नातवंडांच्या गडबडीत तीन दिवस जमले नाहीत तर दोन दिवस करा, पण करा. दुपारच्या गोळीने सुस्ती येऊ शकते, म्हणून ती घेतल्यावर गाडी चालवायची नाही.

कॅलिफोर्नियाहून परतणाऱ्यांना उन्हाळ्यात साडेबारा तासांचं अंतर असतं. तिथून येताना घड्याळ पुढे ओढण्यापेक्षा मागे ढकलत नेणं सोपं पडतं, म्हणून वरचं वेळापत्रक त्यांनी वापरू नये.

मात्रेबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. कॉक्रेन या संस्थेने २००२ मध्ये जेटलॅगवरच्या दहा चाचण्यांचा आढावा घेतला. पाच किंवा अधिक कालपट्टे ओलांडणाऱ्या प्रवाशांना मुक्कामाच्या ठिकाणी झोपताना घेतलेल्या मेलाटोनिनचा बहुतेक चाचण्यांत फायदा दिसला. अर्धा ते पाच मिलिग्रॅम या सगळ्या मात्रा घड्याळ सरकवायला जवळपास सारख्याच ठरल्या, मोठ्या मात्रेने झोप मात्र थोडी लवकर लागली. पाचच्या पुढे वाढवून काही मिळालं नाही, आणि रात्रभर हळूहळू विरघळणारी गोळी तुलनेने निष्प्रभ ठरली. म्हणून दहा मिलिग्रॅमची डबी घेऊ नका. लेबलवरही डोळे झाकून विश्वास नको: कॅनडात २०१७ मध्ये तपासलेल्या पूरक गोळ्यांत प्रत्यक्ष मेलाटोनिन छापील आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत निघालं.

अपस्मार असेल, किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नका. नैराश्यावरचं किंवा मंत्रचळावरचं फ्लुव्हॉक्सामीन घेणाऱ्यांनीही आधी विचारावं, कारण त्याच्यामुळे मेलाटोनिन रक्तात कित्येक पटींनी वाढतं.