काकाचा ‘ताता’ झाला त्याची गोष्ट

2024 च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. विश्रांतवाडीतील आमच्या सोसायटीच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर उठावण्याची सूचना द्यायची होती. मुलाने ती तयार केली. शाळेच्या दाखल्यावर असलेले भावाचे भारदस्त नाव, वडिलांचे नाव, आडनाव, वेळ आणि स्थळ असे सारे त्यात नीट आले होते. सूचना गेली आणि अर्ध्या तासात फोन सुरू झाले. “तुमच्याकडचे कोण गेले?” असे शेजारचे विचारू लागले. रोज सकाळी त्याच्याशी बोलणाऱ्या दूधवाल्यालाही उलगडा होईना. माझ्या बारा वर्षांच्या नातीने ती सूचना दोनदा वाचली आणि म्हणाली, “दोबा, यात ताताचं नाव कुठे आहे?”

मग दुसरी सूचना निघाली. मूळ नावापुढे कंसात ‘ताता’ असे लिहिले आणि मगच सर्वांना कळले.

ज्या नावाने माणूस ओळखला जात होता, ते नाव कोणत्याही कागदावर नव्हते. ते एका दीड वर्षाच्या मुलीने दिले होते आणि तेही चुकून. अशी नावे बहुतेक घरांत असतात. ती जन्मतात कशी आणि टिकतात कशी, हे आमच्या घरातल्या या एका नावावरून सांगतो.

नातीचा जन्म 2012 चा. भाऊ अविवाहित, आमच्यासोबतच राहणारा. नात्याने तो तिचा चुलत आजोबा. आम्ही तिला ‘छोटे आजोबा’ असे शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण मूल नात्याचा तक्ता पाहून हाक मारत नाही, कानावर पडते ती हाक उचलते. तिचे पप्पा दिवसातून दहा वेळा ‘काका’ म्हणत. तिने तेच उचलले, मात्र तोंडातून आले ते ‘ताता’.

हा उच्चार योगायोगाने झालेला नव्हता. ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकवावा लागतो. ‘त’ म्हणताना जिभेचे टोक दातांना लागले की पुरते. लहान मुलाला पुढची जागा आधी साधते, म्हणून तो ‘क’च्या जागी ‘त’ ठेवतो. आपण मोठी माणसे बोबड्या बोलांची नक्कल करताना ‘काय करतो’चे ‘ताय तलतो’ करतो, त्यात हाच नियम नकळत पाळतो. आमच्या नातीने तर तो काटेकोर पाळला. काका ताता झाला, केक ‘तेत’ झाला आणि खिडकीवर येणारा काऊ ‘ताऊ’ झाला. समोरच्या सदनिकेतील राजस्थानी गृहस्थांना सगळे ताऊजी म्हणत. ती खिडकीत उभी राहून ‘ताऊ, ये, ये’ अशी कावळ्याला हाक मारी आणि ते बिचारे दार उघडून पाहात! त्याच न्यायाने ‘ज’चा ‘द’ झाला. आजी ‘आदी’ झाली आणि मी आधी ‘आदोबा’ व मग पहिले अक्षर गळून ‘दोबा’ झालो. लांब शब्दाचे एखादे अक्षर गाळणे ही या वयातील दुसरी नेहमीची युक्ती.

तिच्या मावशीचे ‘माऊ’ झाले तेव्हा मात्र गंमत झाली, कारण मांजरही माऊच. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो, तेव्हा तक्रार करायला जागा नव्हती. पण नातीचा गोंधळ कधी झाला नाही. मावशीला ती ‘माऊ’ अशी हाक मारी आणि मांजर दिसले की ‘माऊ, माऊ’ असे दोनदा म्हणे. शब्द अपुरा पडला तरी दोन माणसांतला, किंवा माणूस व मांजर यांतला, फरक तिला पक्का ठाऊक होता.

याविषयी बालभाषेच्या अभ्यासात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 मध्ये तो नोंदवला. एक मूल आपल्या खेळण्यातल्या माशाला, म्हणजे ‘फिश’ला, ‘फिस’ म्हणे. मोठ्या माणसाने विचारले, “हा तुझा फिस का?” मूल म्हणाले, “नाही, माझा फिस.” शेवटी मोठा माणूस ‘फिश’ म्हणाला, तेव्हा मूल समाधानाने उत्तरले, “हो, माझा फिस!” मुलाच्या कानाला बरोबर शब्द कळतो, फक्त जिभेला जमत नाही. मोठ्याने चूक केली की मात्र त्याला ती खटकते. आमच्याकडेही हेच झाले. पहिल्या काही आठवड्यांत मी कौतुकाने ‘ताता कुठे आहे?’ असे विचारले, की नात माझ्याकडे रोखून पाही आणि मान हलवी.

म्हणजे सुरुवातीला ‘ताता’ हे नाव तिला मंजूरच नव्हते. ते उचलून धरले आम्ही. आधी तिच्या आईने, मग आजीने आणि पुढे साऱ्या मजल्याने. त्याला कारणही होते. घरात दोन आजोबा होते, आणि ‘काका’ म्हटले तर सोसायटीत पन्नास काका. ‘ताता’ मात्र एकच. शिवाय मराठी तोंडाला हा शब्द परका वाटत नाही. बाबा, मामा, काका, दादा, नाना या साऱ्यांत एकच अक्षर दोनदा येते. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने ‘मामा’ आणि ‘पापा’ या शब्दांवर एक निबंध लिहिला आहे. जगभरातील आईबापांसाठीचे शब्द तान्ह्या मुलाला सहज जमणाऱ्या ध्वनींतून घडले, असा त्याचा आशय आहे. ध्वनी तेच, अर्थ मात्र ज्या त्या समाजाने ठरवला. आपला ‘मामा’ आईचा भाऊ, तर जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे चक्क वडील. ‘ताता’ हा याच साच्यात बसणारा शब्द होता, म्हणून तो रुजला. ‘तेत’ आणि ‘ताऊ’ वर्षभरात विरून गेले, कारण केकला आणि कावळ्याला स्वतंत्र नावाची गरज नव्हती.

या नावाची खरी परीक्षा झाली ती नात साडेतीन वर्षांची असताना. एके दिवशी ती पाहुण्यांसमोर स्वच्छ ‘काका’ म्हणाली. ‘क’ आला होता. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ हसला, पण थोड्या वेळाने तिला जवळ घेऊन म्हणाला, “मग आता मी कोण?” तिने क्षणभरही विचार केला नाही. “तू ताता. काका पप्पांचा.” त्या क्षणी उच्चाराची चूक संपली होती आणि नाव सुरू झाले होते. ‘काका’ हे नात्याचे पद, ते अनेकांना लागू; ‘ताता’ हा एक माणूस. पुढे 2016 मध्ये नातू झाला. त्याला ‘क’ लवकर आला, ‘काका’ म्हणणे त्याला सहज जमले असते. पण त्याने तसे कधीच म्हटले नाही. त्याने ‘ताता’ हे नाव म्हणूनच शिकले. दुसऱ्या मुलाने ते असे स्वीकारले, की बोबडा शब्द घरात कायमचा झाला असे खुशाल समजावे.

राजवाड्यातही याहून निराळे घडत नाही. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिला लहानपणी स्वतःचे नाव म्हणता येत नसे. ती ‘लिलिबेट’ म्हणे. घरच्यांसाठी ती आयुष्यभर लिलिबेटच राहिली आणि 2021 मध्ये तिच्या एका पणतीचे नाव जन्मदाखल्यावरच लिलिबेट असे ठेवले गेले. आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या तळाशी चिमुकल्यांच्या नावे ‘काकाच्या लग्नाला यायचं हं’ असे छापतात. गुजराती कंकोत्रीत तर ‘जलूल जलूल’ येण्याचा आग्रह असतो. तिथे ‘र’चा ‘ल’ आपण मुद्दाम, पैसे मोजून छापून घेतो!

आता एक मर्यादा सांगितली पाहिजे. नाव टिकवणे वेगळे आणि उच्चार अडकू देणे वेगळे. परक्या माणसाला मुलाचे बोलणे साधारणपणे दोन वर्षांला निम्मे, तीन वर्षांला तीन चतुर्थांश आणि चार वर्षांला जवळजवळ सगळे कळावे, असा ढोबळ आडाखा आहे. ‘र’ आणि ‘ळ’ उशिरा आले तरी घाबरण्याचे कारण नाही. पण चार वर्षे उलटूनही ‘क’चा ‘त’च राहिला, किंवा घराबाहेरच्यांना बोलणे समजेनासे झाले, तर आधी कानांची तपासणी करावी आणि वाचातज्ज्ञाला भेटावे. मुलाला चारचौघांत ‘नीट म्हण’ असे दटावू नये. आपण उत्तर देताना तो शब्द स्वच्छ उच्चारावा, एवढे पुरते. आम्ही भावाला ताता म्हणत होतो, पण केकला केक आणि काऊला काऊच म्हणत होतो.

दुसरी मर्यादा माझ्या नोकरीतली. बँकेत असताना एक प्रकरण माझ्यासमोर आले होते. एका गृहस्थांनी नामनिर्देशनाच्या अर्जात बहिणीचे घरातले लाडके नाव लिहिले होते. ते वारल्यावर त्या बाई आल्या तेव्हा त्यांच्या कोणत्याच कागदावर ते नाव नव्हते. ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र, ओळख पटवणारे साक्षीदार आणि पुन्हापुन्हा फेऱ्या, यांत त्या माउलीचे काही महिने गेले. तेव्हापासून मी घरात सर्वांच्या मागे लागत असे की, हाक काहीही मारा, पण कागदावर जन्मदाखल्यावरचेच नाव घाला. उलट जुन्या छायाचित्रांच्या मागे आणि वंशावळीत दोन्ही नावे लिहा. नाहीतर दोन पिढ्यांनी ‘ताता’ कोण, हे कोणालाच सांगता येणार नाही.

भाऊ गेल्यानंतर त्याची कागदपत्रे मीच पाहिली. मुदत ठेवीवर त्याने नातीचे नामनिर्देशन केले होते. माझे ऐकून तिचे पूर्ण नाव, जन्मतारखेसह, शुद्ध अक्षरात लिहिले होते. ती अज्ञान असल्याने तिच्या वतीने रक्कम स्वीकारण्यासाठी तिच्या वडिलांचे नावही घातले होते. कुठेही ‘ताता’ नव्हते, लाडाचे एकही नाव नव्हते. फक्त नात्याच्या रकान्यात नियमाप्रमाणे ‘पुतण्याची मुलगी’ असे हवे होते. तिथे त्याने ‘नात’ एवढेच लिहिले होते.